शरीरातल्या तरफा: फेक, किक आणि उडी यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.पी.एड. आणि फिजिओथेरपीच्या वरच्या वर्गांतली मुलं बायोमेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. टेकू, भार आणि बल म्हणजे काय हे शाळेतच झालंय असं धरलं आहे.

तरफेचा प्रकार ओळखला की काम झालं ना?

नाही. तोंडी परीक्षेत एक मार्क मिळेल, हालचाल मात्र कळणार नाही. फेकीत कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स कोपराच्या मागे ओढतो आणि भार पुढे असतो, म्हणून ती पहिल्या प्रकारची तरफ. किकमध्ये गुडघा सरळ करणारा क्वाड्रिसेप्स नडगीला गुडघ्याच्या जरा खालीच धरतो आणि भार पार पावलाशी, म्हणून तिसऱ्या प्रकारची. उडीतल्या पोटरीला बहुतेक पुस्तकं दुसऱ्या प्रकारात घालतात. तीन हालचाली, तीन प्रकार. तरी तिन्हीकडे स्नायूचा मोमेंट आर्म सांध्यापासून दोन ते पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर असतो आणि भाराचा त्याच्या निदान दुप्पट, कुठे कित्येक पट. हालचालीचा स्वभाव ठरतो तो या गुणोत्तरावर. प्रकार फक्त एवढं सांगतो की टेकूच्या कोणत्या बाजूला कोण आहे.

मोमेंट आर्म कुठून कुठे मोजायचा? हाडाच्या लांबीइतका धरला तर चालेल?

चालणार नाही. सांध्याच्या अक्षापासून बलाच्या रेषेवर टाकलेला लंब, तेवढाच मोमेंट आर्म. हाड तेच राहतं, पण सांध्याचा कोन बदलला की लंब बदलतो.

पायावर हे मोजून बघता येतं. अनवाणी उभे राहा आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर स्केचपेनने ठिपका द्या. घोट्याचा अक्ष साधारण तिथूनच जातो. आता पट्टी जमिनीला समांतर धरून ठिपक्यापासून मागे अकिलीस टेंडनच्या मध्यापर्यंतचं अंतर बघा. मोठ्या माणसात ते पाच सेंटिमीटरच्या जवळपास येतं. मग ठिपक्यापासून पुढे अंगठ्यामागच्या चवड्याच्या गादीपर्यंत मोजा, ते बारा-तेरा भरेल. कातडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पट्टी नेली तर टेंडनची अर्धी जाडी फुकट मिळवली जाते. पाच सेंटिमीटरच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे उत्तरात दहा टक्क्यांची चूक, हे विसरू नका.

चवड्यांवर उभं राहणं ही दुसऱ्या प्रकारची तरफ. म्हणजे पोटरीला शरीराच्या वजनापेक्षा कमी जोर लागतो, बरोबर?

इथेच सगळ्यात जास्त मुलं घसरतात, म्हणून जरा सावकाश बघू.

70 किलोचा खेळाडू एका पायाच्या चवड्यावर स्थिर उभा आहे. वजन 686 न्यूटन. अकिलीसचा मोमेंट आर्म 5 सेंटिमीटर आणि घोट्यापासून चवड्यापर्यंतचं आडवं अंतर 12 सेंटिमीटर धरू. पावलाचं स्वतःचं वजन सोडून देऊ आणि पाऊल खाली दाबणारा सगळा जोर अकिलीसमधूनच येतो असं मानू.

पुस्तकी रीत अशी: टेकू चवड्याला, भार घोट्यावर, बल टाचेला. अडकित्त्याच्या चित्राशेजारी हे चित्र छापलेलं असतं आणि दिसायला पटतंही. भारभुजा 12, बलभुजा 12 अधिक 5 म्हणजे 17. मग बल झालं 686 गुणिले 12 भागिले 17, म्हणजे सुमारे 484 न्यूटन. वजनापेक्षा कमी! पोटरीला सूट मिळाली.

आता तेच गणित घोट्याभोवती मांडा. जमीन पावलाला वर ढकलते 686 न्यूटनने, घोट्याच्या 12 सेंटिमीटर पुढे. अकिलीस टाचेला वर ओढतो, घोट्याच्या 5 सेंटिमीटर मागे. स्थिर असेल तर दोन्ही टॉर्क सारखे हवेत. 686 गुणिले 12 भागिले 5, म्हणजे सुमारे 1646 न्यूटन. वजनाच्या 2.4 पट.

माणूस तोच, पाय तोच, आणि उत्तरांत तिपटीहून जास्त फरक. स्थिर वस्तूसाठी टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती घेतले तरी उत्तर एकच यायला हवं. तेव्हा दोनपैकी एका मांडणीत एक बल गळालं आहे.

गळालंय पहिल्या मांडणीत. पोटरीचा स्नायू वरून कुठे बाहेर बांधलेला नाही, तो त्याच माणसाच्या नडगीच्या मागे आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला चिकटलेला आहे. तो टाच जितक्या जोराने वर ओढतो, तितक्याच जोराने नडगी खाली पावलावर दाबतो. त्यामुळे घोट्यावरचा भार नुसता 686 नाही, त्यात स्नायूचं बलही आलं. आता चवड्याभोवतीचं समीकरण असं होतं:

```
F × 17 = (686 + F) × 12
5F = 8232
F ≈ 1646 N
```

दोन्हीकडून तेच उत्तर. घोट्याच्या सांध्यात हाडावर हाड दाबलं जातं ते 686 अधिक 1646, म्हणजे 2332 न्यूटनने, वजनाच्या जवळजवळ 3.4 पट. अकिलीस दुखावलेल्या पेशंटला एका पायावर टाच उचलायला इतक्या उशिरा का देतात, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

मग पेपरात दुसऱ्या प्रकारची लिहायची की पहिल्या प्रकारची?

टेकू चवड्याला मानलात तर दुसऱ्या प्रकारची, घोट्याला मानलात तर पहिल्या प्रकारची. दोन्ही चालतं, फक्त भार कोणता घेतलात ते लिहा. पहिलं उत्तर लिहून खाली ‘म्हणून पोटरीला कमी बल लागतं’ असं जोडलंत तर ते वाक्य साफ चूक आहे, मग पुस्तकात काही का छापलेलं असेना. मी घोटाच घेतो, कारण फ्री बॉडी डायग्राममध्ये पाऊल एकटं काढलं की सांध्यातलं बल घोट्यातूनच जातं, त्याचा टॉर्क शून्य होतो आणि एक अज्ञात राशी आपोआप कटते.

ही झाली उभं राहण्याची गोष्ट. उडीत काय बदलतं?

2.4 हे गुणोत्तर साधारण तेच राहतं, जमिनीकडून येणारं बल वाढतं. दोन्ही पायांनी उभी उडी मारताना ते एकूण वजनाच्या दोन ते अडीच पट जातं. एका पायाच्या वाट्याला वजनाच्या सव्वापटीच्या आत येतं, म्हणजे त्या पायाच्या अकिलीसवर दोन हजार न्यूटनच्या आसपास. यात एक ग्यानबाची मेख आहे. उडीच्या सुरुवातीला बलाचा बिंदू पावलाच्या मधोमध असतो आणि टाच सुटल्यावरच चवड्यावर सरकतो. त्यामुळे पुढचा 12 सेंटिमीटरचा मोमेंट आर्म सुरुवातीपासून गृहीत धरला तर पोटरीवरचं बल फुगतं. फोर्स प्लेट असेल तर बलाचा बिंदू दर फ्रेमला वाचा. नसेल तर निदान टाच उचलल्यानंतरचीच गणितं करा.

एका पायाच्या उडीत आणि धावण्यात प्रकरण फारच वर जातं. फिनलंडच्या पावो कोमी यांनी अकिलीसवर शस्त्रक्रियेने छोटं मापक बसवून धावताना प्रत्यक्ष बल मोजलं. ते 9 किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे त्या धावकाच्या वजनाच्या साडेबारा पटीपर्यंत पोचलं होतं. लांब उडीच्या टेक-ऑफला पाय फळीवर असतो तो 0.12 सेकंदाच्या आसपास. एवढ्यात स्नायू आखडून बळ उभं करायला फार वेळ उरत नाही. टेंडन आधी ताणला जातो आणि शेवटी तो ताण मोकळा होतो. त्यामुळे घोटा झपकन उघडतो, पण आतले स्नायुतंतू मात्र त्या मानाने हळू आखडत असतात.

मोमेंट आर्म इतका आखूड असणं हा तोटाच झाला की. तो दुप्पट असता तर किक जास्त जोरात बसली नसती का?

बसली नसती, आणि याचं कारण किकमध्ये सगळ्यात नीट दिसतं. चांगल्या फुटबॉलपटूचा गुडघा चेंडू लागण्याच्या बेतात असताना सेकंदाला सुमारे 25 रेडियन वेगाने सरळ होत असतो, कधी त्याहूनही जास्त. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा मोमेंट आर्म साधारण 4 सेंटिमीटर. म्हणजे त्या क्षणी टेंडनला 25 गुणिले 0.04, सेकंदाला 1 मीटर वेगाने वर सरकावं लागतं.

आता स्नायूची बाजू. मांडीच्या पुढच्या व्हास्टस स्नायूंचे तंतू साधारण 10 सेंटिमीटर लांब असतात. जलद तंतू अगदी काही भार नसताना सेकंदाला आपल्या लांबीच्या जेमतेम दहा पट आखडतात, म्हणजे सेकंदाला 1 मीटरच. त्या वेगाला स्नायूत बल जवळपास शून्य उरतं. तेव्हा चेंडू लागताना क्वाड्रिसेप्स आपल्या क्षमतेच्या काठावर उभा आहे. मोमेंट आर्म 8 सेंटिमीटर केला तर त्याच कोनीय वेगासाठी टेंडनला सेकंदाला 2 मीटर पळावं लागेल, ते त्याला झेपणार नाही. हळू हालचालीत, समजा खुर्चीतून उठताना, लांब मोमेंट आर्म खरोखर फायद्याचा ठरला असता. वेगवान हालचालीत तोच पायातली बेडी होतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्प्रिंटर्सच्या अकिलीसचा मोमेंट आर्म त्यांच्याच उंचीच्या, न धावणाऱ्या लोकांपेक्षा आखूड आढळला. ते याच हिशेबात बसतं.

म्हणून ‘तिसऱ्या प्रकारची तरफ वेग वाढवते’ हे वाक्य अर्धवट आहे. ती वेग वाढवते ते स्नायूला हळू आखडू देऊन, आणि त्याची किंमत जास्त बलाने मोजावी लागते. स्नायूकडे ते बल नसेल तर तरफ कितीही लांब असली तरी पाऊल हलणार नाही.

पण मग शेवटी पाऊल वेगात येतं कशामुळे?

गुडघ्याच्या वेगातून, आणि गुडघ्याला तो वेग मांडीकडून मिळतो. गुडघ्यापासून चेंडू लागणाऱ्या जागेपर्यंत 45 सेंटिमीटर धरले तर 25 रेडियनला गुडघ्याच्या फिरण्यातून पावलाला सेकंदाला सुमारे 11 मीटर मिळतात. चांगल्या खेळाडूचं पाऊल सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतं. उरलेला वाटा गुडघा स्वतः पुढे जात असतो त्याचा. शेवटच्या टप्प्यात मांडी मंदावते तेव्हा सांध्यातून नडगीवर जे बल येतं तेच नडगीला पुढे फेकतं. इन्स्टेप किकच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की चेंडू लागण्याआधीच क्वाड्रिसेप्सचा टॉर्क घसरतो, कधी उलटही होतो, आणि नडगी तरीही वेग घेतच राहते.

पाय मागे नेताना गुडघा दुमडायचा, तो फक्त जास्त अंतर मिळावं म्हणून?

अंतर मिळतंच, पण मोठी गोष्ट आहे जडत्व आघूर्ण. 70 किलोच्या माणसाची नडगी आणि पाऊल मिळून सुमारे 4.2 किलो. त्यांचं वस्तुमानकेंद्र गुडघ्यापासून 26 सेंटिमीटरवर आणि मांडी 42 सेंटिमीटर धरू. पाय सरळ असेल तर हे केंद्र खुब्यापासून 68 सेंटिमीटरवर पडतं. गुडघा काटकोनात दुमडला तर ते 49 सेंटिमीटरच्या जवळ येतं. जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे खुब्यापुरता नडगी-पावलाचा हिस्सा जवळपास निम्मा होतो. त्याच टॉर्कमध्ये खुबा पाय जास्त झपाट्याने पुढे आणतो, आणि लांबी शेवटच्या क्षणी, चेंडूजवळ उघडते.

कबड्डीत रेडर मागे लाथ मारतो तेव्हाही हेच दिसतं: पाय दुमडून येतो आणि चढाईच्या टोकाला झटकन लांब होतो. सरळ पाय फिरवणाऱ्या नवख्या रेडरची लाथ आधीच हेरली जाते आणि पकड बसते.

फेकीत कोपर सरळ करायचं काम ट्रायसेप्सचंच ना?

नावापुरतं. त्याचा मोमेंट आर्म दोन-अडीच सेंटिमीटर आणि मनगटाच्या पुढचा चेंडू कोपरापासून पस्तीस सेंटिमीटर लांब. रेडियल नर्व्हला भूल देऊन ट्रायसेप्स बंद करून फेकायला लावण्याचा एक जुना प्रयोग आहे. सराव झाल्यावर त्या माणसाने आपल्या नेहमीच्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त वेगाने चेंडू फेकला. कोपर उघडतं ते मुख्यतः खांदा आणि धड फिरल्यामुळे, आणि किकमध्ये मांडी-नडगीचं जे चालतं तेच इथे दंड आणि पुढच्या हाताचं. ट्रायसेप्स कोपर फार दुमडू देत नाही आणि शेवटी थोडी भर घालतो. ट्रायसेप्स एक्स्टेन्शनचे सेट वाढवून थ्रोचा वेग वाढेल या आशेवर जिममध्ये संध्याकाळ घालवणाऱ्यांनी एवढं वाचून ठेवावं.

खांद्याच्या आतल्या बाजूच्या रोटेशनमध्ये तरफेची लांबी किती धरायची? संपूर्ण हात?

नाही. दंड स्वतःच्याच लांबीच्या अक्षाभोवती फिरतो, तेव्हा लांबी म्हणजे त्या अक्षापासून चेंडूपर्यंतचा लंब. कोपर काटकोनात असेल तर पुढच्या हाताची सगळी लांबी, 35 सेंटिमीटर, मिळते. हात पूर्ण सरळ केला तर चेंडू अक्षावरच येतो आणि रोटेशन कितीही जोरात असो, चेंडूला काहीच मिळत नाही.

बेसबॉलच्या व्यावसायिक पिचर्समध्ये हे रोटेशन सेकंदाला 7000 अंशांच्या घरात मोजलं गेलंय, म्हणजे सुमारे 122 रेडियन. 35 सेंटिमीटर धरून गुणलं तर सेकंदाला 43 मीटर येतात आणि विद्यार्थी खूष होतात. पण चेंडू सुटताना कोपर पंचवीसेक अंशच दुमडलेलं असतं. 35 गुणिले साइन 25 अंश, म्हणजे लंब फक्त 15 सेंटिमीटर, आणि वाटा सेकंदाला 18 मीटरच. कोपर आधीच सरळ करून फेकणाऱ्या नवख्या फील्डरचा थ्रो सीमारेषेवरून ‘पोचत’ का नाही, हे पुण्यातल्या सणस मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून बघितलं तरी दिसेल. खांदा फिरतो, पण फिरवायला लांबीच उरलेली नसते.

बॉलिंगला हेच लागू आहे का?

फारसं नाही. आयसीसीच्या नियमाने कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे खांद्यापासून हातापर्यंतची अख्खी लांबी खांद्याभोवती फिरते. बॉलिंग आणि थ्रो एकाच तक्त्यात घालू नका.

आणि गोळाफेक?

पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा. भार एवढा असताना हात लांब सोडून फिरवला तर खांद्यावरचा टॉर्क कुणालाच पेलणार नाही, म्हणून तो मानेला चिकटवून ढकलतात. नियमही तेच सांगतो.

मोबाइलच्या व्हिडिओवरून किकचं गणित करायचं आहे. कुठे चुकतं?

पहिलं, फ्रेम रेट. 30 फ्रेमवर दोन फ्रेममधलं अंतर 33 मिलिसेकंद. 25 रेडियनला नडगी तेवढ्यात 47 अंश फिरते, आणि पाऊल-चेंडूचा संपर्क असतो जेमतेम 10 मिलिसेकंद. तुमच्या व्हिडिओत संपर्काची फ्रेम बहुतेक वेळा सापडणारच नाही. स्लो-मोशनचा 240 फ्रेमचा पर्याय घ्या, म्हणजे दर फ्रेमला सहा अंश. त्यासाठी उजेड भरपूर लागतो, कारण शटर हळू असेल तर पाऊल नुसतं धुरकट पट्ट्यासारखं येतं. बालेवाडीच्या इनडोअर हॉलमधल्या दिव्यांखाली घेण्यापेक्षा सकाळी दहाच्या उन्हात मैदानावर घेतलेलं चित्रण स्वच्छ येतं. कॅमेरा किकच्या प्रतलाला काटकोनात आणि लांब ठेवा. तिरक्या धावेची इन्स्टेप किक एका प्रतलात नसतेच, म्हणून एका कॅमेऱ्याने सरळ धावत येऊन मारलेली टो-किक घेतलेली बरी.

दुसरं, जास्त छुपं. किनोव्हिआ या व्हिडिओ मोजणीच्या सॉफ्टवेअरमधून काढलेले बिंदू एक्सेलमध्ये घेऊन सगळ्या डेटावर एकच स्मूदिंग लावतात. चेंडू लागल्यावर पावलाचा वेग अचानक पडतो, आणि स्मूदिंग तो खड्डा मागे पसरवतं. मग आलेखात पाऊल चेंडू लागण्याआधीच मंदावताना दिसतं, आणि रिपोर्टमध्ये ‘खेळाडू नियंत्रणासाठी पाय हळू करतो’ असं भरघोस निष्कर्षाचं वाक्य येतं. हे ओळखणं सोपं आहे. संपर्काच्या फ्रेमपासून पुढचा डेटा कापा, उरलेल्या भागावरच स्मूदिंग लावा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. कापलेल्या आलेखात पाऊल शेवटच्या फ्रेमपर्यंत वेग घेत असेल, तर आधीचं मंदावणं फिल्टरने तयार केलेलं होतं.